टाचेतून रक्त घेताना किंवा इंजेक्शनच्या वेळी नवजात बाळाला साखरेचे थेंब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातून नवजात विभागात आलेल्या बाळांच्या आया, आज्ज्या आणि वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सगळ्यांत जास्त गोंधळ 'किती द्यायचं' याचा होतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहिलं आहे. हे वाचून कुणी घरी द्रावण बनवून बाळाला देऊ नये. प्रत्येक बाळाचा डोस त्याचे डॉक्टर आणि त्या विभागाचा लेखी प्रोटोकॉल ठरवतात.

सुई टोचायच्या आधी सिस्टर बाळाच्या जिभेवर काय सोडतात? ते औषध आहे का?

ते साखरेचं पाणी असतं, पण अंदाजाने ढवळलेलं नव्हे. १०० मिली द्रावणात २४ ग्रॅम साखर, म्हणजे २४ टक्के, असं मोजून ते तयार केलेलं असतं. साखर म्हणजे सुक्रोज, आपल्या चहातली तीच. तरीही वॉर्डात त्याला औषधाचेच नियम लागतात: डॉक्टरांची ऑर्डर हवी, मोजमाप हवं, चार्टवर वेळ आणि सही हवी.

गोड चवीने दुखणं कमी कसं होईल?

जिभेला गोड चव कळली की बाळाच्या शरीरात वेदना दाबणारी स्वतःची द्रव्यं सुटत असावीत, असं मानलं जातं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही द्रव्यं अडवणारं औषध दिल्यावर साखरेचा परिणाम नाहीसा झाला, त्यावरून हा समज आला आहे. व्यवहारात त्यातून एक पक्की गोष्ट निघते. काम चव करते, पोटात गेलेली साखर नाही. म्हणून नळीवाटे दूध घेणाऱ्या बाळाला हे द्रावण नळीतून सोडलं तर उपयोग होत नाही. ते जिभेच्या पुढच्या भागावर किंवा गालाच्या आतल्या बाजूलाच पडायला हवं.

वजनाप्रमाणे किती द्यायचं?

२४ टक्के द्रावणासाठी नवजात विभागांच्या प्रोटोकॉलमध्ये साधारण अशी चौकट असते. १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला एका टोचण्यासाठी ०.२ ते ०.५ मिली, आणि २४ तासांत सगळं मिळून २.५ मिलीच्या आत. १५०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाच्या नवजात बाळाला एका टोचण्यासाठी ०.२ ते १ मिली, आणि २४ तासांत ५ मिलीच्या आत. एक किलोच्या खालच्या अगदी नाजूक बाळांना काही ठिकाणी ०.१ मिलीच देतात. हॉस्पिटलागणिक आकडे थोडे बदलतात, म्हणून आपल्या विभागाच्या भिंतीवर जो कागद लावला आहे तोच पाळायचा.

आता यातला खरा मुद्दा. या चौकटीतला वरचा आकडा ही मर्यादा आहे, तिथपर्यंत पोहोचायचं असं नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी टाचेतून रक्त घेताना २४ टक्के द्रावणाचे ०.१, ०.५ आणि १ मिली असे तीन डोस एकमेकांशी ताडून पाहिले. तिन्ही गटांत बाळांच्या वेदनेच्या गुणांत फरक आढळला नाही. म्हणजे ०.१ मिलीनेही तेवढंच काम झालं. 'बाळ मोठं आहे, पूर्ण १ मिली द्या' या विचाराला आधार नाही. वजन पाहायचं ते बाळ किती सुरक्षितपणे गिळू शकेल आणि दिवसभरात एकूण किती साखर जाईल हे ठरवण्यासाठी. जास्त वजनाला जास्त आराम, असा हिशेब इथे बसत नाही.

मग ०.२ मिली म्हणजे प्रत्यक्षात किती?

अगदी थोडं, जिभेवरचे मोजके थेंब. पण ते थेंब मोजून देऊ नका, कारण थेंबाचा आकार ड्रॉपरप्रमाणे बदलतो. १ मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका आणि बारीक रेषांवर मोजा.

इन्सुलिनची सिरिंज मात्र वापरू नका. आपल्याकडे ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही प्रकारच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये सापडतात. '२० युनिट'ची रेषा एकीवर ०.५ मिली असते, दुसरीवर ०.२ मिली. रात्रपाळीत घाईघाईने हातात आलेल्या सिरिंजवरून अडीचपट चूक होऊ शकते.

चार्टवर लिहिताना `0.2 mL` असंच लिहा, `.2 mL` नको. पुढचा शून्य गळला आणि टिंब पुसट पडलं की पुढची पाळी ते २ मिली वाचते. आपल्या वॉर्डात कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्ही लिप्यांत लिहिणारी माणसं असतात, त्यामुळे डोसचे आकडे सगळ्यांनी एकाच लिपीतल्या अंकांत लिहायचं ठरवून घ्या.

कधी द्यायचं? टोचायच्या क्षणी की आधी?

दोन मिनिटं आधी. बहुतेक ठिकाणी जे चुकतं ते हेच. एका हाताने साखर आणि दुसऱ्या हाताने लॅन्सेट असं चाललं की औषध दिल्याची नोंद होते, पण आराम मिळायच्या आत सुई लागलेली असते. गोडीचा परिणाम साधारण दोन मिनिटांनी चांगला जाणवतो आणि चार-पाच मिनिटं टिकतो.

म्हणून आधी सगळी तयारी करा. पट्टी, लॅन्सेट, कापूस, रक्ताची नळी, लेबल हे सगळं हाताशी ठेवा. मग डोसचा काही भाग जिभेवर सोडा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दोन मिनिटं थांबा. उरलेला भाग टोचायच्या अगदी आधी आणि गरज पडली तर मध्ये द्या. रक्त काढायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला तर सुरुवातीच्या गोडीचा परिणाम ओसरलेला असतो. त्यासाठीच थोडं द्रावण सिरिंजमध्ये राखून ठेवायचं.

एखाद्या बाळाचं पूर्ण उदाहरण सांगाल का?

समजा खानापूर तालुक्यातली एक बाळंतीण आहे. बाळ ३० आठवड्यांत झालं, वजन १३२० ग्रॅम. आज तिसरा दिवस. बाळ नवजात अतिदक्षता विभागात आहे, थोडं दूध नळीने घेतं. आईचं सिझेरियन झालं आहे, ती दुसऱ्या मजल्यावर आहे. डॉक्टरांनी दर सहा तासांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली आहे, शिवाय काविळीसाठी एकदा रक्त आणि सलाईनची एक नवी सुई.

एकूण टोचणी सहा. पहिला प्रश्न डोसचा नाही, टोचण्यांचा आहे: यातलं काही एकत्र करता येईल का? काविळीचं रक्त सकाळी सहाच्या साखरेच्या तपासणीबरोबर एकाच टोचण्यात निघतं. टोचणी पाचवर आली. एक टोचणं टळलं की बाळाचं दुखणंही टळतं आणि साखरेचा एक डोसही.

आता उरलेल्या पाच वेळांसाठी. वजन १५०० ग्रॅमच्या खाली, म्हणून प्रत्येकी ०.२ मिलीची ऑर्डर. टाचेच्या वेळी ०.१ मिली जिभेच्या टोकाकडे, दोन मिनिटं थांबायचं, टोचायच्या आधी उरलेलं ०.१. सलाईनची सुई पहिल्या खेपेला लागली नाही, वेळ लांबला, म्हणून डॉक्टरांना विचारून आणखी ०.१ मिली. दिवसाची बेरीज: पाच वेळा ०.२ म्हणजे १ मिली, अधिक ०.१, एकूण १.१ मिली. मर्यादा २.५ मिलीची, म्हणजे निम्म्याहूनही कमी. साखर किती गेली? १.१ गुणिले ०.२४, म्हणजे साधारण ०.२६ ग्रॅम.

या बाळाच्या बाबतीत मिलीच्या बेरजेबरोबर डोस किती वेळा दिला हेही मोजायचं. ३१ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांवर झालेल्या एका जुन्या अभ्यासात, पहिल्या आठवड्यात २४ तासांत दहापेक्षा जास्त डोस मिळालेल्या बाळांची पुढची सजगता आणि हालचालींचे गुण कमी आढळले होते. तो एकच अभ्यास आहे, त्यावरून घाबरून जाऊ नये. पण कमी दिवसांच्या बाळाचे डोस दहाच्या जवळ जायला लागले तर डॉक्टरांना सांगा. त्या दिवशी इतकी टोचणी का लागत आहेत, हा प्रश्नही त्यातूनच निघतो.

इतक्या साखरेने बाळाची शुगर वाढणार नाही का?

हा प्रश्न घरात मधुमेह असलेल्या आज्ज्या हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाला दिलेल्या ०.५ मिली द्रावणात ०.१२ ग्रॅम साखर असते. आईच्या १०० मिली दुधात साधारण ७ ग्रॅम दुधातली साखर असते. म्हणजे तो डोस पावणेदोन मिली दुधातल्या साखरेइतका झाला. तेवढ्याने बाळाच्या रक्तातली साखर चढत नाही.

गडबड होते ती दुसऱ्याच कारणाने. अनेक ठिकाणी तयार सुक्रोज मिळत नाही, म्हणून डॉक्टर २५ टक्के डेक्स्ट्रोज तोंडावाटे द्यायला सांगतात. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, आणि ते उपयोगीही पडतं. पण त्याचा अंश सिस्टरच्या बोटाला किंवा बाळाच्या टाचेला लागला, तर ग्लुकोमीटर तेच मोजतो. खरी साखर कमी असलेल्या बाळाचा आकडा नॉर्मल किंवा जास्त दिसतो, आणि हे घातक आहे. उपाय साधा आहे: थेंब दिल्यावर हातमोजे बदला, टाच पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, पहिला थेंब पुसून दुसरा पट्टीवर घ्या. आकडा बाळाच्या स्थितीशी जुळत नसेल तर पुन्हा तपासा.

डेक्स्ट्रोज तर शिरेतून द्यायचं असतं. गल्लत झाली तर?

म्हणूनच सिरिंज भरल्याबरोबर तिच्यावर 'फक्त तोंडावाटे' असं लेबल लावायचं आणि तिला सुई लावायचीच नाही. सुक्रोजचं द्रावण तर कधीही शिरेतून जाता कामा नये. शक्य असेल तिथे सलाईनला न बसणारी, तोंडाच्या औषधांसाठीची वेगळी सिरिंज मागवून घ्या.

आई जवळ असेल तर?

मग आधी आईच. बाळ नीट चोखत असेल तर टोचायच्या आधी अंगावर पाजायला सुरुवात करून, टोचत असताना आणि नंतरही पाजत राहणं हे एका टोचण्यासाठी साखरेइतकंच उपयोगी ठरतं. आईचं दूध हाताशी आहे आणि त्याला वेगळी ऑर्डर लागत नाही. पाजणं शक्य नसेल तर उघड्या छातीवर बाळ धरणं, कांगारू पद्धतीने, हेही आराम देतं, पण ते काही मिनिटं आधीपासून चालू असायला हवं.

वॉर्डातल्या सिस्टरना आग्रहाने सांगायचं आहे: 'बाहेर थांबा, तुम्हाला बघवणार नाही' असं आईला म्हणू नका. तिला विचारा. बहुतेक आया थांबतात.

साखरेची जागा तेव्हा येते, जेव्हा आई वरच्या मजल्यावर असते, बाळ नळीने दूध घेतं किंवा आईला उठता येत नाही. तेव्हा थेंबांबरोबर स्वच्छ धुतलेल्या, हातमोजा घातलेल्या बोटावर बाळाला चोखू द्या आणि हातपाय हलकेच अंगाशी दुमडून धरा. नुसत्या थेंबांपेक्षा याचा परिणाम चांगला दिसतो.

जन्मल्यावर लगेच मिळणाऱ्या इंजेक्शनांच्या वेळी देता येतं का?

येतं. २.९ किलोचं, पूर्ण दिवसांचं, रडून गुलाबी झालेलं बाळ घ्या. त्याला व्हिटॅमिन के, हिपॅटायटिस बी आणि बीसीजी अशी तीन टोचणी होणार. पोलिओचे थेंब तोंडातून जातात, त्यांना काही लागत नाही. आई पाजू शकत असेल तर साखरेचा प्रश्नच मिटला. नसेल तर तीन वेगळे डोस काढू नका. ०.५ मिली एकदाच भरा, ०.२ मिली दोन मिनिटं आधी द्या, मग प्रत्येक टोचण्याआधी ०.१ मिली. तिन्ही कामं एका बैठकीत उरकली तर ते गोडीच्या परिणामाच्या वेळेत बसतं.

अंगणवाडीत दीड महिन्याच्या लसीकरणाला हे द्रावण सहसा मिळणार नाही. तिथे आईने मांडीवर घेऊन पाजणं हाच उत्तम उपाय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये हेच सुचवलं, आणि जास्त दुखणारी लस शेवटी द्यायला सांगितलं.

घरी साखर आहे, गूळ आहे. गुळाचं पाणी किंवा मध चाटवलं तर?

नको. आपला भाग उसाचा, घरोघरी उत्तम गूळ असतो, आणि बाळाला गोड चाटवण्याची चाल जुनी आहे. तरीही नको. मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो, त्यात बाळ ढिलं पडतं आणि श्वास अडतो. गुळात किती माती आणि किती जंतू आहेत ते डोळ्यांना दिसत नाही. घरच्या साखरपाण्यात प्रमाण कळत नाही, पाणी आणि वाटी निर्जंतुक नसते. शिवाय घरी बाळाला सुई टोचतच नाही, मग ते द्यायचं कारणच उरत नाही. भुकेने किंवा पोट दुखून रडणाऱ्या बाळाला गप्प करण्यासाठी हॉस्पिटलातसुद्धा हे द्रावण देत नाहीत.

कोणत्या बाळांना देऊ नये?

आतड्याला सूज आल्याचा संशय असेल, अन्ननलिका जन्मतः जोडलेली नसेल किंवा श्वासनलिकेला जोडलेली असेल, बाळाला गिळता येत नसेल किंवा घसा प्रतिसाद देत नसेल तर नाही. फ्रुक्टोज पचत नसल्याचा आजार घराण्यात असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण सुक्रोज फुटल्यावर त्यातून फ्रुक्टोज निघतं. तोंडावाटे काहीही देऊ नका अशी ऑर्डर असलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिल्याशिवाय सिस्टरनी आपल्या मनाने देऊ नये.

देताना काय बिघडू शकतं?

ठसका. कमी दिवसांच्या बाळात क्षणभर ऑक्सिजन उतरणं किंवा हृदयाचे ठोके मंदावणं. बहुतेक वेळा हे एका झटक्यात सगळं द्रावण घशाकडे सोडल्याने होतं. डोकं थोडं उंच ठेवा, एकेक थेंब पुढच्या बाजूला सोडा, बाळाने गिळलं हे पाहून पुढचा थेंब. मॉनिटर लावलेला असू द्या. आकडा उतरला तर थांबा, बाळाला कुशीवर करा, तोंड पुसा. लगेच सावरलं नाही तर डॉक्टरांना बोलवा.

उघडलेली बाटली दुसऱ्या बाळासाठी ठेवू नका. साखरेच्या पाण्यात जंतू फार लवकर वाढतात.

थेंब देऊनही बाळ रडलं. म्हणजे उपयोग झाला नाही?

तसं नाही. साखरेने रडणं कमी होतं, लवकर थांबतं, पण शून्य होत नाही. नुसत्या आवाजावर जाऊ नका. भुवयांमध्ये उठाव येतो का, डोळे घट्ट मिटतात का, नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल होते का, ठोके किती वाढले, ऑक्सिजन किती उतरला, हे बघा. नवजात विभागात वापरली जाणारी वेदनेची मोजपट्टी याच खुणांना बाळ किती आठवड्यांत जन्मलं याची जोड देऊन गुण देते. सहापर्यंतचे गुण म्हणजे फारसं दुखलं नाही, बाराच्या वर गेले तर बाळाला चांगलंच लागलं आहे. अगदी लहान बाळ रडतही नाही, नुसतं गळून जातं. त्याला दुखलं नाही असं समजू नका.

इथे एक प्रामाणिक मर्यादा सांगायला हवी. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, साखर मिळालेल्या बाळांचा चेहरा शांत राहिला, पण मेंदूतले वेदनेचे संकेत फारसे घटलेले दिसले नाहीत. त्यावर आजही वाद आहे. म्हणून साखर आहे तर टोचायला काय हरकत, असं कधीच म्हणू नये.

भूल देणारं मलम किंवा तापाचं औषध का नाही देत?

टाचेच्या टोचण्यासाठी दोन्हींचा उपयोग होत नाही असं दिसून आलं आहे.

आणि मोठ्या प्रक्रियांसाठी? ऑपरेशन, छातीत नळी?

तिथे साखर पुरेशी नाही. तिथे खरी वेदनाशामकं आणि भूल लागते. थोड्या वेळाच्या, एकदाच टोचण्याच्या दुखण्यासाठी हे थेंब आहेत. सतत चालणाऱ्या दुखण्याला ते उपयोगी नाहीत.

टाच दाबण्याचं काय? तेच जास्त दुखतं असं वाटतं.

बरोबर वाटतं. बरेचदा टोचण्यापेक्षा पिळणं जास्त वेळ दुखतं. स्वयंचलित लॅन्सेटने टाचेच्या तळव्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचा, मधोमध नको. पाय खाली लोंबता ठेवा, दाब द्या आणि सोडा, सतत पिळू नका. जास्त रक्त हवं असेल आणि हात सराईत असेल तर पूर्ण दिवसांच्या बाळात शिरेतून घेणं टाचेपेक्षा कमी दुखतं.

बाळाला कोल्हापूर किंवा मिरजेला हलवायचं असेल तर या डोसची नोंद पाठवायची का?

हो. गेल्या २४ तासांत किती वेळा, किती मिली आणि शेवटचा डोस किती वाजता दिला, हे रेफरल कागदावर लिहा. नाहीतर तिकडे पोहोचल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. द्रावण सुक्रोज होतं की डेक्स्ट्रोज, आणि किती टक्क्यांचं, हेही लिहा. टक्के बदलले की त्याच मिलीतली साखर बदलते.